चाल तीच, शब्द घरचे

हैदराबादेतल्या मराठी लग्नात संगीताच्या रात्री मामे-चुलत भावंडं हिंदी गाण्याच्या चालीवर नवरदेवाची फजिती गातात, तेव्हा कुणी आजोबा म्हणतातच, ‘हे सिनेमाचं खूळ!’ पण या गाण्याचं कूळ सिनेमाहून जुनं आहे.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. त्यातली पदं कीर्तनाच्या, लावणीच्या, कानडी गाण्यांच्या ओळखीच्या चालींवर बांधलेली होती. पुढे नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा पहिला चरण छापत. तिथे उसनी घेतली ती फक्त चाल. मूळ शब्द प्रेक्षकाला आठवले नाहीत तरी पदाचं काही अडत नसे.

अत्र्यांच्या ‘झेंडूची फुलें’ने १९२५ मध्ये वेगळीच मागणी केली. मूळ कविता मनात घोळत असेल तरच विडंबन कळायचं. भावंडांच्या गाण्याला दोन्ही लागतं: चाल कानात हवी आणि मूळ शब्द जिभेवर.

तिसरा धागा हैदराबादचाच. इथल्या दखनी घरांत लग्नाआधीच्या रात्री बायका ढोलकीवर ‘ढोलक के गीत’ म्हणतात आणि समधनीची, तिच्या माणसांची यथेच्छ खिल्ली उडवतात. जिची थट्टा, ती समोरच बसलेली. आपल्याकडे हे काम विहिणीची गाणी आणि उखाणे करत. ‘संगीत’ नावाची संध्याकाळ मात्र पंजाबी लग्नातली. १९९४ च्या ‘हम आपके हैं कौन’सारख्या चित्रपटांनी लग्नातली नाचगाणी घरोघर नेली आणि या सगळ्याला एक मंच मिळाला.

आता शब्द बसवायचे कसे? समजा, चालीत आठ मात्रांची जागा आहे आणि शेवटचा सूर लांबवायचा आहे. ‘हैदराबाद’ मोजा: है दोन, द एक, रा दोन, बा दोन, द एक. बेरीज आठ, पण सूर लांबवायला गेलं की शेवटच्या ‘द’वर तोंड मिटतं. ‘हैदराबादी’ केलं तर नऊ होतात आणि ठेका चुकतो. बोलण्यातलं ‘हैद्राबादी’ घ्या: चारही अक्षरं दीर्घ, मात्रा बरोबर आठ आणि शेवटची ‘ई’ हवी तितकी ताणता येते. मोजणी जमली तरी मूळ ओळीचा एखादा शब्द किंवा निदान यमक जागच्या जागी ठेवावं लागतं, नाहीतर विडंबन उरत नाही, नुसतं नवं गाणं होतं.

फसलं की नाही, हे पहिल्याच कडव्यात कळतं. जमलेलं असेल तर मागच्या रांगेतल्या आत्या-मावश्या मूळ शब्द पुटपुटत हसतात. त्या शेजारणीला ‘काय म्हणाले गं?’ विचारू लागल्या, तर एकतर चाल फार नवी निवडलीय किंवा मात्रा चुकल्यात.

आजोबांना एवढंच सांगावं: किर्लोस्करांनी चाल घेतली, अत्र्यांनी शब्द मोडले, समधनींनी माणूस निवडला. पोरांनी फक्त तिन्ही एकत्र केलं.