धोबीघरात ठरलेलं कापड

आचाऱ्याच्या एप्रनचं कापड आचाऱ्याने निवडलं, असं वाटणं साहजिक आहे. पण या कापडाचा इतिहास पाहिला तर बऱ्याच वळणांवर निर्णय घेतलाय तो धुणाऱ्यांनी. चुलीला त्या बदलाशी नंतर जुळवून घ्यावं लागलं, आणि काही ठिकाणी ते अजून नीट जुळलेलं नाही.

युरोपातल्या मोठ्या स्वयंपाकघरांत कित्येक शतकं एप्रन आणि पुसायची फडकी लिननची असत. लिनन म्हणजे जवसाच्या खोडातून काढलेला धागा. तिकडचं मोठं धुणं रोजचं नसे. वर्षातून मोजक्याच वेळा निघे. मोठ्या लाकडी पिंपात कपडे रचायचे, वर जाडंभरडं कापड अंथरायचं, त्यावर लाकडाची राख पसरायची आणि गरम पाणी पुन्हा पुन्हा ओतत राहायचं. राखेतला खार झिरपत खाली उतरे, कपड्यातल्या चरबीला भिडे आणि तिचा काही भाग तिथल्या तिथे साबण होऊन निघून जाई. आपले परीट खारात भिजवलेले कपडे भट्टीवर वाफवत, त्यामागचं तत्त्व हेच. ही मारझोड लिनन सोसतं, कारण हा धागा ओला झाला की आणखी मजबूत होतो. शिवाय तो लांब असल्यामुळे त्याचे तंतू सुटत नाहीत. काचेचे पेले पुसायला लिननचं फडकं आजही लोक शोधतात ते त्यासाठीच. पांढरा रंगही या धुण्याला सोयीचा होता. ज्याला रंगच नाही, त्याचा उकळल्यावर उतरणार तरी काय?

एकोणिसाव्या शतकात गिरण्यांनी सूत स्वस्त केलं आणि लिननची जागा सुती कापडाने घेतली. एप्रनसाठी पसंत पडलं ते ड्रिल. शाळेच्या खाकी चड्ड्यांमुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलेलं आहे. ड्रिलची वीण तिरपी असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत धागे दाटीने बसतात. तेलाचा शिंतोडा आरपार जायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात एप्रन अंगापासून दूर धरता येतो.

सुती कापडाची खोड एकच, ते आटतं. मागावर आणि पुढच्या प्रक्रियांत कापड सतत ताणलेलं असतं. पहिल्या गरम धुण्यात तो ताण सुटतो. 90 सेंटिमीटर लांबीचा एप्रन सात टक्के आटला तर सहा सेंटिमीटरहून जास्त वर चढतो. यावर उपाय निघाला तो अमेरिकेत, कॉलर आणि शर्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. सॅनफर्ड क्लूएट यांनी 1930 मध्ये पेटंट मिळवलेल्या पद्धतीत ओलसर कापड एका जाड पट्ट्याला चिकटून चालतं. वळणावर तो पट्टा ताणला जातो आणि सरळ होताना आखडतो, तेव्हा कापडही त्याच्याबरोबर आखडतं. पुढे गिऱ्हाइकाच्या घरी जे आटणार, ते गिरणीतच आटवून टाकायचं. ‘सॅनफोराइझ्ड’ हा शिक्का त्यांच्याच नावावरून आला. एप्रनचं सुती कापड घेताना हा प्रश्न आधी विचारावा. ‘आधी आटवलेलं नाही’ असं उत्तर आलं, तर शिवायच्या आधी ते गरम पाण्यातून काढावं.

यापुढचं वळण मात्र वादाचं आहे. 1941 मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी टेरिलीन, म्हणजे पॉलिएस्टरचा धागा, तयार केला. पुढे त्यात कापूस मिसळून आलेल्या टेरीकॉटवर धोबीघरं खूश झाली. कापूस हवेतलाच सात-आठ टक्के ओलावा धरून बसतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून टेरीकॉट लवकर वाळतं, इस्त्री फारशी मागत नाही आणि धुऊन धुऊन विरत नाही. दिवसाला शेकडो एप्रन धुणाऱ्याला यापेक्षा काय हवं? हॉटेलांनी ते घेतलं आणि आता ‘कॉटन’ म्हणून मिळणारे बरेचसे एप्रन प्रत्यक्षात मिश्र असतात.

अडचण अशी की पाण्याशी फटकून वागणाऱ्या पॉलिएस्टरची तेलाशी मात्र गट्टी जमते. कापसाचा तंतू पाण्यात फुगतो आणि वरची चरबी ढकलून देतो. पॉलिएस्टर फुगत नाही, तेल धरून ठेवतं. पोटाजवळचा तो पिवळट पट्टा, धुऊन आला तरी खवट वास मारणारा, बहुधा या मिश्र एप्रनवर दिसतो. तेल सोडायला मदत करणारे लेप त्यावर दिले जातात, पण ते धुण्यागणिक झिजतात.

उष्णतेचा हिशोब त्याहून महत्त्वाचा. तळणीचं तेल साधारण 180 अंशांवर असतं. तेवढ्याने पॉलिएस्टर वितळत नाही. ते वितळतं 250 ते 260 अंशांच्या आसपास, आणि तापलेला तवा किंवा भट्टीतून काढलेला ट्रे तिथवर सहज जातो. कापूस वितळत नाही, करपतो. वितळलेलं पॉलिएस्टर मात्र कातडीला चिकटतं. मिश्र कापडात आणखी एक वाईट गोष्ट घडते. पेटलं तर न वितळणारा कापूस सांगाड्यासारखा उभा राहतो आणि वितळलेल्या पॉलिएस्टरला गळून पडू देत नाही, त्यामुळे ते तिथेच जळत राहतं.

म्हणून माझं मत असं, की पोळपाटाजवळ, भाजी चिरण्यापाशी, वाढपाला टेरीकॉट चालेल. शेगडीसमोर उभं राहणाऱ्याला मात्र निव्वळ सुती ड्रिलच द्यावं. आणि गरम भांडं धरायच्या फडक्यात तर पॉलिएस्टरचा धागाही नको. तिथे जाड मांजरपाट किंवा जाळीदार विणीचं सुती फडकं चौपदरी करून वापरावं, तेही कोरडं. ओल्या फडक्याने कढई उचलली की चटका क्षणात बसतो, कारण पाणी हवेच्या वीसपटीहून जास्त वेगाने उष्णता वाहून नेतं आणि वर वाफही होते. फडक्याला सुगंधी सॉफ्टनर लावणाऱ्यांनी ते बंद करावं. त्याचा थर बसला की कापड पाणी शोषेनासं होतं.

कापड खरोखर सुती आहे का, हे पाहायला शिलाईच्या आतून एक धागा ओढावा, चिमट्यात धरून काडीच्या ज्योतीजवळ न्यावा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि मागे मऊ राख उरते, बोटांत चुरली की तिचं पीठ होतं. पॉलिएस्टर ज्योतीपासून आखडत मागे सरतं आणि टोकाला कडक काळा मणी धरतं. मिश्र धाग्याच्या राखेत असेच कडक खडे बोटाला टोचतात.

एका धोक्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष नसतं. पुरतं न निघालेलं तेल घेऊन फडकी ड्रायरमध्ये तापली आणि गरम असतानाच गठ्ठा बांधून ठेवली, तर ती आपोआप पेटू शकतात. सूर्यफूल, सोयाबीन अशी तेलं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावताना उष्णता सोडतात. गठ्ठ्याच्या पोटात ती उष्णता कोंडते आणि कोंडलेली उष्णता तोच संयोग आणखी जोरात घडवते. जवसाचं तेल या खोडीसाठी सगळ्यांत बदनाम, म्हणजे ज्या झाडाने पहिला एप्रन दिला त्याच्याच बियांचं. कपडे वाळवायची आधुनिक यंत्रं शेवटची काही मिनिटं थंड हवा सोडतात, त्याचं एक कारण हेच. ज्यांच्याकडे अशी यंत्रं नाहीत त्यांनी तेलकट फडकी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून आधी भिजवावीत, दोरीवर मोकळी वाळवावीत आणि पूर्ण गार झाल्यावरच घडी घालावी.