मजकुराचे माध्यमानुरूप रूपांतर

एकाच निवेदनाचा आशय कायम ठेवून, ज्या समाजमाध्यमावर ते प्रसिद्ध व्हावयाचे त्याच्या मर्यादा, तेथील वाचकाची अपेक्षा आणि तेथील बोलण्याची रीत यांना अनुसरून त्याची निरनिराळी रूपे सिद्ध करणे, म्हणजे मजकुराचे माध्यमानुरूप रूपांतर होय. लिंक्डइनसाठी औपचारिक व सविस्तर पोस्ट आणि एक्ससाठी (पूर्वीचे ट्विटर) चार ओळींची खेळकर पोस्ट, ही त्याची नित्याची जोडी. दीर्घ मजकुराची काटछाट करून लघु मजकूर बनविण्याचा प्रघात सर्वत्र आढळत असला, तरी दोन्ही रूपे एकाच मूळ टिपणावरून स्वतंत्रपणे लिहिणे हीच शास्त्रशुद्ध पद्धती मानली पाहिजे.

या भेदाचे पहिले कारण लांबीचे आहे. 2006 साली सुरू झालेल्या ट्विटरची 140 चिन्हांची मर्यादा भ्रमणध्वनीवरील 160 चिन्हांच्या लघुसंदेशावरून ठरली. उरलेली वीस चिन्हे लेखकाच्या नावासाठी राखलेली होती. नोव्हेंबर 2017 मध्ये ती मर्यादा 280 झाली आणि विनाशुल्क खात्यांना आजही तीच लागू आहे. लिंक्डइनच्या पोस्टला 3000 चिन्हांची मुभा आहे. मात्र आरंभीच्या काही ओळींनंतर मजकूर दुमडला जातो आणि उर्वरित भाग वाचकाने उलगडला तरच दिसतो. म्हणून तेथे प्रास्ताविकात शब्द खर्चणे परवडत नाही. विषयाचे प्रयोजन पहिल्याच वाक्यात यावे लागते.

मराठी लेखकास या मोजणीचा एक विशेष ध्यानात ठेवावा लागतो. एक्सवर देवनागरीतील व्यंजन, हलन्त, मात्रा आणि अनुस्वार ही प्रत्येकी स्वतंत्र चिन्ह म्हणून गणली जातात. त्यामुळे ‘ज्ञानेश्वर’ हा डोळ्यांना चार अक्षरांचा दिसणारा शब्द गणनेत दहा चिन्हांचा भरतो. जोडाक्षरांनी युक्त अशी तत्सम शब्दावली या हिशेबात महाग पडते आणि ‘घर’, ‘कागद’, ‘सराव’ यांसारखे सुटे शब्द स्वस्त पडतात; लघुरूपाची भाषा बोलीकडे झुकते, यास रुचीइतकाच हा हिशेबही कारण आहे. लिंक मात्र मूळची कितीही लांब असली तरी 23 चिन्हांचीच धरली जाते.

दुसरे आणि अधिक खोल कारण वाचनाच्या परिस्थितीचे आहे. लिंक्डइनवर लेखकाच्या नावाशेजारी त्याचा हुद्दा वा व्यवसाय झळकतो आणि वाचकांत त्याचे सहकारी, वरिष्ठ व भावी मालकही असतात. तेथील मजकूर त्यामुळे एखाद्या दप्तरी नोंदीसारखा वाचला जातो. एक्सवरील पोस्ट एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर जाता जाता मूळ संदर्भापासून सुटते, आणि तिची केवळ चित्रप्रतही फिरू लागते. म्हणून जी अट सांगितल्याशिवाय विधान खोटे ठरेल, ती त्याच पोस्टमध्ये असावी लागते. पुढच्या पोस्टमध्ये अथवा लिंकच्या पलीकडे ठेवलेली अट बहुतेकांपर्यंत पोहोचत नाही.

रूपांतराचा आरंभ मूळ टिपणाने करावा. त्यात स्थिर आणि चल असे दोन भाग पाडावेत. तारीख, वेळ, स्थळ, शुल्क, मुदत, दिलेले आश्वासन आणि त्या आश्वासनाची मर्यादा हा स्थिर भाग. त्यातील एखादी बाब लघुरूपात वगळता येईल, पण बदलता येणार नाही. आरंभ, संबोधन, क्रम, उदाहरण आणि स्वर हा चल भाग. तो प्रत्येक रूपात नव्याने लिहावा.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या एका ग्रंथालयात मोडी लिपीचा परिचयवर्ग भरावयाचा आहे. टिपणातील तपशील असा : सहा शनिवार, सायंकाळी 5 ते 7, जागा 25, शुल्क 500 रुपये, नावनोंदणीची मुदत 10 जून, वर्गाअखेर सुवाच्य नमुने वाचता येतील, परंतु घसटी हस्ताक्षरासाठी पुढे सराव लागेल. लिंक्डइनसाठी याचे रूप असे होईल :

“जमिनीचे व वाड्यांचे जुने दस्तऐवज अनेकदा मोडीत असतात, आणि ते वाचू शकणारे जाणकार आज थोडे आहेत. वकील, अभिलेखपाल आणि इतिहासाचे अभ्यासक यांच्यासाठी आमच्या ग्रंथालयात सहा शनिवारी, सायंकाळी 5 ते 7 या वेळात मोडीचा परिचयवर्ग भरेल. वर्गाअखेर सुवाच्य नमुने वाचता यावेत, एवढे उद्दिष्ट आहे. घसटी हस्ताक्षरासाठी पुढे सराव लागेल. जागा 25, शुल्क 500 रुपये. नावनोंदणी 10 जूनपर्यंत.”

एक्ससाठी त्याच टिपणावरून :

“आजोबांच्या ट्रंकेतला तो कागद उलटा धरलेला नाही, मोडीत आहे! सहा शनिवारी अक्षरओळख करून घ्या; कागदाशी गप्पा मारायला पुढे सराव हवाच. 500 रुपये, 25 जागा, 10 जूनपर्यंत.”

हे दुसरे रूप 161 चिन्हांचे असून, मधली मोकळी जागा व लिंक धरून ते 185 चिन्हांत बसते. त्यात वाचक बदलला आहे : पहिल्यात व्यवसायासाठी मोडी हवी असलेला मनुष्य अभिप्रेत आहे, दुसऱ्यात घरातल्या जुन्या कागदांविषयी कुतूहल असलेला. वर्गाची वेळ लिंकवर सोपविली आहे, कारण तिच्या अभावी कोणाची दिशाभूल होत नाही. सरावाची अट मात्र थट्टेच्या स्वरातच, पण राखलेली आहे. ती गाळून ‘सहा शनिवारी मोडी वाचायला शिका’ असे लिहिले असते, तर वाक्य अधिक चटकदार झाले असते आणि ग्रंथालयाने न दिलेले वचन त्याच्या नावावर पडले असते.

हाच या कामातील सर्वांत सामान्य दोष होय. आकडे चुकल्यास ते कोणाच्या तरी नजरेस येतात. गळालेली अट लिहिणाऱ्यास दिसत नाही, कारण ती त्याच्या मनात असतेच. तो दोष ओळखण्याचा उपाय साधा आहे. मूळ टिपण न पाहिलेल्या व्यक्तीस केवळ लघुरूप वाचावयास द्यावे आणि ‘यातून तुम्हाला काय मिळेल असे वाटते?’ एवढेच विचारावे. उत्तर टिपणाशी जुळले नाही, तर पुन्हा लिहावे. उलट दिशेचा दोषही घडतो : खेळकर रूपच थोडे फुगवून लिंक्डइनवर ठेवले जाते, तेव्हा थट्टा उरते, पण वकिलाने वा अभिलेखपालाने का यावे याचा खुलासा होत नाही.

प्रसिद्धीनंतरच्या दुरुस्तीची रीतही माध्यमागणिक भिन्न आहे. लिंक्डइनवरील मजकूर मागाहून सुधारता येतो आणि तो सुधारल्याची खूण तेथे दिसते. एक्सवर ही सोय सशुल्क खात्यांपुरती, तीही अल्पकाळ मिळते. इतरांस खाली उत्तर जोडून दुरुस्ती कळवावी लागते किंवा पोस्ट काढून नव्याने लिहावी लागते. म्हणून मजकूर कोठे कोठे प्रसिद्ध झाला याची यादी मूळ टिपणाखालीच ठेवावी. मुदत बदलली की प्रथम टिपण आणि मग यादीबरहुकूम प्रत्येक रूप दुरुस्त करावे.

या रूपांतरास मर्यादाही आहेत. निधनवार्ता, अपघाताची सूचना, नोकरकपातीची घोषणा अथवा क्षमायाचना यांस खेळकर रूप असू शकत नाही. तेथे लघुरूप केवळ आटोपशीर असावे. तसेच ज्या विधानाची अट 280 चिन्हांत मावत नाही, ते विधान लघुरूपात करू नये. विषयाचा नुसता निर्देश करून वाचकास सविस्तर मजकुराकडे पाठवावे.