टीव्हीच्या रिमोटला ‘फँड्री’ ऐकू येत नाही? व्हॉइस सर्चने सगळ्या ॲप्समध्ये एकदम चित्रपट कसा शोधायचा

मागच्या महिन्यात सावेडीत भिस्तबागला मामांकडे गेलो होतो. नवीन गूगल टीव्ही आला होता आणि आजीला ‘फँड्री’ बघायचा होता. चित्रपटाची गोष्ट नगरजवळच्याच अकोळनेर गावात घडते आणि आजीचं माहेर त्याच बाजूचं. मामांनी रिमोटचं माइकचं बटण दाबलं आणि म्हणाले, “फँड्री”. टीव्हीने लिहिलं ‘foundry’ आणि लोखंड वितळवण्याचे व्हिडिओ समोर आणून ठेवले. नागापूरची एमआयडीसी हाकेच्या अंतरावर आहे हे खरं, पण आजीला ते नको होतं!

मामांनी पुन्हा दोनदा, आणखी मोठ्याने सांगितलं. शेवटी कसाबसा चित्रपट सापडला, तर खाली फक्त भाड्याने घ्यायचं बटण. मामा पैसे भरायलाच निघाले होते. मी म्हटलं, “मामा, थांबा. आधी बघू तरी, तुमच्याकडे हा आधीपासूनच आहे का ते.”

आधी समजून घ्या: आत काय घडतं

व्हॉइस सर्चमध्ये तीन वेगवेगळी कामं एकामागून एक होतात. पहिलं, तुमचा आवाज रिमोटमधून ब्लूटूथने टीव्हीला आणि तिथून इंटरनेटने सर्व्हरला जातो आणि त्याचे शब्द होतात. दुसरं, ते शब्द चित्रपटांच्या यादीत शोधले जातात. ही यादी वेगवेगळ्या ॲप्सनी दिलेल्या माहितीवरून बनते. तिसरं, सापडलेला चित्रपट ज्या ॲपवर आहे ते ॲप उघडतं आणि तुमचा प्लॅन तपासतं.

म्हणून चित्रपट मिळाला नाही तर मोठ्याने ओरडून उपयोग नाही. गडबड या तिन्हींपैकी कुठे झाली ते ओळखायचं.

१. स्क्रीनवर काय लिहून आलं ते वाचा

बोलल्यावर टीव्ही तुमचं वाक्य स्क्रीनवर लिहून दाखवतो. नजर तिथेच ठेवा. शब्दच चुकीचे असतील, तर अडचण ऐकण्यात आहे.

‘फँड्री’ हा कैकाडी भाषेतला शब्द आहे, अर्थ डुक्कर. टीव्हीची भाषा इंग्रजी असेल तर तो ओळखीचा जवळचा शब्द उचलतो. म्हणून ‘foundry’. ‘नाळ’चंही तसंच. हिंदीवर सेट केलेला टीव्ही त्याला ‘नल’ समजू शकतो, कारण हिंदीत ‘ळ’ नाही.

अशा वेळी नाव सोडून द्या आणि चित्रपटाची दुसरी ओळख सांगा. आम्ही म्हटलं, “नागराज मंजुळे मूव्हीज”. दिग्दर्शकाचं नाव बरोबर ऐकलं गेलं आणि ‘सैराट’सोबत ‘फँड्री’चं पोस्टर समोर आलं. ‘नाळ’साठी नावासोबत “मराठी मूव्ही 2018” जोडा. वर्ष सांगताना मात्र एक लक्षात ठेवा: ‘फँड्री’ महोत्सवात 2013 ला दाखवला गेला आणि थिएटरमध्ये फेब्रुवारी 2014 ला आला. यादीत यातलं कुठलंही वर्ष असू शकतं. एकाने नाही सापडला तर दुसरं सांगून बघा.

आणि स्क्रीनवर काहीच लिहून आलं नाही तर? तर आवाज टीव्हीपर्यंत पोचतच नाहीये. बऱ्याच रिमोटचं पॉवर बटण इन्फ्रारेडवर चालतं, त्यामुळे टीव्ही चालू-बंद होतो आणि रिमोट ठीक आहे असं वाटतं. पण माइकला ब्लूटूथ जोडणी लागते. सेटिंग्जमध्ये `Remotes & Accessories` इथे जाऊन रिमोट पुन्हा जोडा. काही रिमोटवर बोलेपर्यंत बटण दाबून धरावं लागतं, तेही बघा.

२. शब्द बरोबर, पण तुमचं ॲप दिसत नाही

इथे तीन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, होमचं बटण दाबून मगच बोला. यूट्यूब उघडं असताना माइक दाबला तर शोध बहुतेक यूट्यूबमध्येच होतो, बाकीच्या ॲप्सपर्यंत जात नाही. मामा नेमकं हेच करत होते.

दुसरी, सेटिंग्जमध्ये तुमच्या गूगल खात्याखाली `Your services` अशी यादी असते. तुमच्याकडे असलेल्या सेवांवर तिथे टिक करा. तुम्ही कशाचे पैसे भरलेत हे टीव्हीला आपोआप कळतंच असं नाही. मामांच्या मोबाइल रिचार्जसोबत एक ॲप मिळालं होतं, पण ते फक्त फोनमध्ये होतं. आम्ही ते टीव्हीवर इन्स्टॉल केलं, त्याच नंबरने लॉगिन केलं, यादीत टिक केली आणि पुन्हा होमवरून शोधलं. आता भाड्याच्या बटणाशेजारी त्या ॲपचं नावही आलं.

तिसरी, खात्याखालीच `Google Assistant` मध्ये `Searchable apps` बघा. एखादं ॲप तिथे बंद असेल तर त्यातलं काही शोधात येणार नाही. आणि ज्या ॲपने आपली यादी दिलेलीच नाही, ते काहीही केलं तरी दिसणार नाही. त्यामुळे ‘टीव्हीवर सापडला नाही’ म्हणजे ‘कुठेच नाही’ असं समजू नका. ते ॲप उघडून आतल्या सर्चमध्ये दोन-तीन अक्षरं टाइप करा.

३. ॲप दिसतं, पण चित्रपट सुरू होत नाही

ही अडचण प्लॅनची. `Your services` मधली टिक म्हणजे सबस्क्रिप्शन नव्हे, ती फक्त टीव्हीला दिलेली माहिती आहे. काही स्वस्त प्लॅन आणि रिचार्जसोबत मिळणारे काही प्लॅन फक्त मोबाइलपुरते असतात. ते टीव्हीवर लॉगिन झाले तरी चित्रपट चालत नाही. रिचार्जच्या तपशिलात ‘मोबाइल ओन्ली’ लिहिलंय का ते आधीच बघा. मामांचा प्लॅन टीव्हीवर चालणारा निघाला.

कधी कधी कार्डवर ॲपचं नाव असतं, पण आत गेल्यावर चित्रपट नसतो. हक्कांचा करार संपला की चित्रपट ॲपवरून जातो आणि शोधाची यादी थोडी मागे राहते. तेव्हा दोष ना रिमोटचा, ना तुमचा.

पैसे भरण्याआधी

भाड्याचं बटण दिसलं की लगेच दाबू नका. चित्रपटाच्या पानावर बघण्याचे सगळे पर्याय उघडा. भाडं, खरेदी आणि सबस्क्रिप्शन हे वेगवेगळे पर्याय असतात. घरातल्या प्रत्येकाच्या रिचार्जमध्ये काय काय मिळतं हेही एकदा विचारा. ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक असेल तर बटण अलेक्साचं असतं आणि मेनूची नावं वेगळी, पण तपासायचा क्रम हाच: आधी लिहिलेले शब्द, मग ॲप, मग प्लॅन.

त्या रात्री वेगळा एक रुपयाही न भरता ‘फँड्री’ लागला. आजी शेवटपर्यंत जागी होती. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः माइक दाबला आणि म्हणाली, “नागराज मंजुळे”. टीव्हीने बरोबर लिहिलं.