भू-वलय (ध्वनियंत्रणा)

भू-वलय किंवा ग्राउंड लूप म्हणजे दोन विद्युत उपकरणांचे अर्थिंग एकाहून अधिक मार्गांनी परस्परांशी जोडले गेल्यामुळे तयार होणारा बंद वाहक मार्ग होय. संगणकाला स्पीकर किंवा साउंडबार जोडल्यावर ऐकू येणारी सततची घरघर बहुधा या वलयामुळे निर्माण होते. भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ही घरघर ५० हर्ट्झ व तिच्या पटींमध्ये असते. केवळ खालच्या पटी असल्यास आवाज खर्जातला व गुळगुळीत वाटतो. वरच्या पटी मिसळल्या की तो कर्कश होतो.

कारण

तीन पिनांचा डेस्कटॉप संगणक आणि तीन पिनांचे स्वयंचलित वर्धक असलेले स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटांना लावले, तर भिंतीतील अर्थच्या तारांमुळे ते आधीच जोडलेले असतात. त्यांच्यामध्ये ३.५ मिलिमीटरच्या जॅकची ध्वनिकेबल लावली की तिच्या बाहेरच्या जाळीमुळे दुसरा मार्ग मिळतो व वलय पूर्ण होते. दोन्ही सॉकेटांच्या अर्थमध्ये घरातील इतर उपकरणांच्या गळती प्रवाहामुळे अत्यल्प विभवांतर असते. त्यामुळे जाळीतून प्रवाह वाहतो. या साध्या केबलमध्ये जाळी हीच ध्वनिसंकेताची परतीची तारही असते. म्हणून जाळीवर पडणारा विद्युतदाब संकेतात थेट मिसळतो आणि वर्धक त्यालाही संगीतासारखेच वाढवतो.

उदाहरणार्थ, दोन अर्थमध्ये ९ मिलिव्होल्ट विभवांतर आहे, संपूर्ण वलयाचा रोध ०.३ ओहम आहे आणि त्यातील ०.१ ओहम जाळीचा आहे असे मानू. प्रवाह ३० मिलिअँपिअर होईल व जाळीवर ३ मिलिव्होल्ट पडतील. संगणकाचा ध्वनिसंकेत ३०० मिलिव्होल्ट असेल, तर घरघर त्याच्या शंभरावा भाग, म्हणजे ४० डेसिबलने कमी राहील. मोठ्या आवाजातील गाण्यात ती लपते, पण दोन गाण्यांमधील शांततेत स्पष्ट ऐकू येते. आता संगणकातील आवाज कमी करून संकेत ३० मिलिव्होल्टवर आणला आणि स्पीकरचा नॉब वाढवला, तर घरघर संकेताच्या दहाव्या भागाइतकी होते, कारण जाळीवरील ३ मिलिव्होल्ट बदलत नाहीत. म्हणूनच संगणकाचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून स्पीकरचा नॉब कमी ठेवणे हा पहिला व बिनखर्चाचा उपाय ठरतो. पुष्कळ जण नेमके याच्या उलट करतात.

लॅपटॉप व साउंडबार

दोन पिनांच्या अडॅप्टरला अर्थ नसतो, तरीही त्यातील गाळणी-धारित्रांमधून अल्प प्रवाह लॅपटॉपच्या चौकटीपर्यंत येतो. धातूच्या पृष्ठभागावर बोट फिरवल्यास जाणवणारी झिणझिण याचीच असते. हा प्रवाह ध्वनिकेबलमार्गे अर्थ असलेल्या स्पीकरकडे जातो. अडॅप्टर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवताच घरघर थांबली, तर कारण विजेच्या जोडणीत आहे, हे निश्चित होते.

साउंडबारला अनेकदा स्वतःचा अर्थ नसतो. मात्र तो एचडीएमआय केबलने दूरचित्रवाणी संचाला जोडलेला असेल व संचाला केबलचालकाची समाक्ष केबल आलेली असेल, तर तिचे बाह्य आवरण हाच अर्थचा मार्ग बनतो. समाक्ष केबल क्षणभर काढून पाहिल्यास हे कळते.

यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरांना वीज व ध्वनी एकाच संगणकातून मिळत असल्यास वलय तेथल्या तेथेच बनते. मग घरघरीऐवजी माउस हलवताना किंवा पडद्यावरील चित्र बदलताना बदलणारी बारीक किरकिर येते. वीज वेगळ्या चार्जरवरून घेतल्यास ती सहसा जाते.

केबलमधील दोष

जाळी जॅकजवळ तुटल्यास वलयापेक्षा बराच मोठा आवाज येतो व केबल हलवताच तो बदलतो किंवा थांबतो. ध्वनिकेबल स्पीकरच्या बाजूने पूर्ण काढल्यावरही घरघर राहिली आणि नॉब फिरवूनही ती बदलली नाही, तर दोष स्पीकरच्या वीजपुरवठा भागात असतो. तेथील मोठे धारित्र निकामी झाल्यास मुख्यतः १०० हर्ट्झचा आवाज येतो. अशा वेळी केबल बदलण्याचा उपयोग नसतो.

उपाय

संगणक व स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डला लावल्यास दोन अर्थमधील विभवांतर जवळपास नाहीसे होते. तेवढ्याने भागले नाही, तर ध्वनिकेबलच्या मध्ये विलगक रोहित्र बसवतात. ते संकेत चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे नेते व तांब्याची सलगता तोडते. स्वस्त रोहित्रांत मात्र खर्जाचे स्वर दबतात. प्रकाशीय केबलमध्ये वाहकच नसल्याने तिच्यातून वलय बनत नाही, त्यामुळे संगणक व साउंडबार या दोहोंवर तशी जोडणी असेल तर तीच श्रेयस्कर.

प्लगची अर्थची पिन तोडल्यावरही घरघर थांबते, आणि हा उपाय वारंवार सुचवलाही जातो. परंतु आतील तार सुटून चौकटीला लागल्यास २३० व्होल्टचा प्रवाह अर्थमार्गे जाऊ शकत नाही, चौकट जिवंत राहते, आणि तिला स्पर्श करणाऱ्याला प्राणघातक धक्का बसू शकतो.