मॅरेथॉनच्या वेळापत्रकाची कुळकथा

ऑकलंडच्या बुटांच्या कारखान्यात काम करणारे आर्थर लिडियर्ड आठवड्याला १६० किलोमीटर पळून स्वतःवरच प्रयोग करत. आधी सावकाश आणि लांब पळायचं, मग चढ, मग वेग, हा क्रम त्यांनी तिथूनच ठरवला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांच्या दोन शिष्यांनी सुवर्ण जिंकलं, तिसऱ्याला मॅरेथॉनचं कांस्य मिळालं.

क्रम ठरला की तो कागदावरही उतरतो. हौशी धावकांसाठी असा सोपा कागद लोकप्रिय केला तो अमेरिकेतल्या हॅल हिग्डन यांनी. नवख्याला १८ आठवडे, आठवड्याची लांब धाव हळूहळू ३२ किलोमीटरपर्यंत, मग तीन आठवडे उतरती मेहनत. कागद फुकट मिळतो, पण तो तुमचं गाव ओळखत नाही.

काशीदसारख्या किनाऱ्यावरच्या गावात तो मांडून पाहा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. तिथून १८ आठवडे मागे गेलं की सप्टेंबरचा मध्य येतो. म्हणजे अंतर वाढू लागतं ते ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. दमट हवेत तोच वेग धरला की नाडी चढते. आणि ३२ किलोमीटरची धाव येते डिसेंबरच्या शेवटी, अलिबाग-मुरुड रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी भरलेला असताना! ती धाव एक आठवडा आधी उरकावी आणि उजाडायच्या आत निघावं. कागद स्वतःहून हे सांगणार नाही.

सराव आखून देणाऱ्या अॅपचं कूळ वेगळं. १९७५च्या सुमारास कॅनडात एरिक बॅनिस्टर यांनी एका जलतरणपटूच्या नोंदींवरून गणित मांडलं: प्रत्येक सरावातून ताकद येते आणि थकवाही, थकवा लवकर ओसरतो, ताकद सावकाश. बदलत्या योजना देणाऱ्या अनेक अॅपांच्या मुळाशी हीच कल्पना आहे. पण गणिताला आकडे घड्याळ पुरवतं. मऊ वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, असं बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८मध्ये मोजलं. काशीदच्या किनाऱ्यावर भरतीला ओली, घट्ट पट्टी पाण्याखाली गेली की वेग पडतो आणि वेगावर चालणारं अॅप तुम्हाला कमजोर ठरवून पुढचा आठवडा हलका करतं. नाडीवर चालणारं अॅप मेहनत बरी ओळखतं, मात्र पोटरीवर आणि टाचेमागच्या कंडरेवर पडलेला ताण त्यालाही दिसत नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना टाचेमागे ताठरता जाणवली, तर ती आकड्यांत कुठेच उमटत नाही. “काल कुठे पळालास?” हे विचारतो तो प्रशिक्षक. त्याचे पैसे या प्रश्नाचे.

म्हणून पहिल्या मॅरेथॉनला कागद पुरे, तारखा मात्र आपल्या हाताने हलवाव्यात. अॅप घ्यायचंच तर मुख्य धावा डांबरावर ठेवा आणि छातीचा पट्टा लावून नाडी मोजा. जुनी दुखापत असेल, तर मात्र पैसे प्रशिक्षकावरच खर्च करा.