जुन्या यंत्राची विक्री : संचित घसारा व नफा-तोटा

वापरातले यंत्र विकल्यावर त्याची मूळ किंमत आणि त्यावर साचलेला घसारा ही दोन्ही खात्यांतून काढून, उरलेला फरक नफा किंवा तोटा म्हणून दाखवण्याची हिशेबपद्धत. घसारा थेट यंत्र खात्यातच वजा होत असेल, तर संचित घसाऱ्याचे खाते नसते. तेथे फक्त उरलेले पुस्तकी मूल्य काढायचे असते.

उमापूर (ता. गेवराई, जि. बीड) हा कापूस पिकवणारा भाग. तेथे कापसातून सरकी वेगळी करणारी सहा जिन यंत्रे 1 एप्रिल 2019 रोजी एकाच बिलावर 24 लाखांना घेतली, असे समजू. म्हणजे प्रत्येकी 4 लाख. घसारा मूळ किमतीवर दरसाल 10 टक्के. त्यांतले एक यंत्र 30 सप्टेंबर 2024 रोजी दीड लाखाला विकले. (जीएसटी यात धरलेला नाही. तो कराच्या खात्यात जातो, नफ्या-तोट्यात येत नाही.)

पहिले काम चालू वर्षाच्या सहा महिन्यांचा घसारा लावण्याचे, आणि घाईत सुटते ते नेमके हेच. पाच वर्षांचे 2,00,000 आणि सहा महिन्यांचे 20,000 मिळून संचित घसारा 2,20,000 होतो. पुस्तकी मूल्य उरते 1,80,000. मग रोजकीर्दीत अशी नोंद होते :

संचित घसारा खाते नावे 2,20,000
बँक खाते नावे 1,50,000
यंत्र विक्री तोटा खाते नावे 30,000
यंत्रे खाते जमा 4,00,000

हेच यंत्र दोन लाखांना गेले असते, तर 20,000 नफा जमेला आला असता. तो इतर उत्पन्नात दाखवतात. रुई-सरकीच्या विक्रीत तो कधीही मिसळू नये. यंत्र उतरवण्याची मजुरी विकणाऱ्याने दिली, तर ती विक्रीच्या रकमेतून वजा होते.

नेहमीची चूक म्हणजे यंत्रे खात्यात फक्त आलेले दीड लाख जमा करून मोकळे होणे. मग तोटा कुठेच दिसत नाही. खात्यावर 20 लाखांऐवजी साडेबावीस लाख राहतात, आणि गेलेल्या यंत्राचा 2,20,000 घसाराही तसाच पडून राहतो. वर्षअखेरीस त्या शिलकेवर पुन्हा 10 टक्के लावले की नसलेल्या यंत्राचा घसाराही खर्चात पडतो. चूक पकडायची तर जिनच्या शेडमध्ये जाऊन यंत्रे मोजावीत. पाच उभी असतील, तर खात्यावर 20 लाख आणि 31 मार्च 2025 रोजी संचित घसारा 12 लाखच हवा. यासाठी मालमत्ता नोंदवहीत प्रत्येक यंत्राला क्रमांक देऊन वेगळी ओळ ठेवावी लागते. 'यंत्रे 6 नग' एवढ्याच नोंदीवरून विकलेल्या एकाचा घसारा सांगता येत नाही.

प्राप्तिकराचा हिशेब निराळा. तेथे एकाच दराची यंत्रे एका गटात धरतात आणि विक्रीची रक्कम त्या गटाच्या शिलकेतून वजा करतात. त्यामुळे वरचा 30,000 तोटा करपात्र उत्पन्न काढताना परत मिळवावा लागतो.