लंडन नावाचा माणूस आणि कुणालाच न चिकटणारे वायू

मागच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. बोलताना दोन-तीन ठिकाणी मी घाईत पुढे गेलो होतो, ते इथे नीट घेतलंय.

सुरुवात आमच्या किन्हीराजाच्या घरातून करू. दिवाळीत गावी गेलो की आजीची लोखंडी पेटी उघडते आणि डांबरगोळ्यांचा वास सगळ्या खोलीत पसरतो. ठेवताना सुपारीएवढी असलेली गोळी वर्षभरानं हरभऱ्याएवढी झालेली असते. लहानपणी मला प्रश्न पडायचा, गोळी जाते कुठं? आता वाटतं, खरा प्रश्न उलटा आहे. ती मुळात गोळी झालीच कशी? डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन. त्याच्या रेणूला मिठासारखा धन-ऋण विद्युतभार नाही. पाण्याच्या रेणूसारखी एक बाजू थोडी धन, दुसरी थोडी ऋण, असंही नाही. शेजारच्या रेणूशी रासायनिक बंधही नाही. मग हे रेणू एकमेकांना धरून का बसतात?

बारावीच्या पुस्तकात याचं उत्तर दोन शब्दांचं होतं: लंडन बल. खरं सांगतो, बीटेकच्या पहिल्या वर्षापर्यंत मला ते लंडन शहराच्या नावावरून आलंय असंच वाटायचं. ते एका माणसाचं नाव आहे. पण त्याच्याकडे जायचं तर रस्ता हेलियमवरून जातो, आणि हेलियमची गोष्ट आपल्या जवळच सुरू होते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतावरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. विजयदुर्ग किल्ल्यावर जाऊन आलेल्यांना 'साहेबाचे कट्टे' माहीत असतील. नॉर्मन लॉक्यरनं तिथून ग्रहण बघितलं आणि हेलियम शोधला, असं तिथे सांगतात. गोष्ट छान आहे, पण लॉक्यर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याचं महत्त्वाचं निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधलं, आणि तेही ग्रहणाशिवाय केलेलं. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात जॉन हर्शेल नावाचा लेफ्टनंट ढगांतून वाट काढत सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट बघत होता. त्याला तांबडी, नारिंगी आणि निळी रेषा दिसली. नारिंगी रेषा त्यानं सोडियमची समजली. लॉक्यरनं नंतर दाखवलं की ती सोडियमच्या रेषांच्या शेजारी आहे, पण त्यांच्यावर नाही. त्या बारीकशा फरकातून हेलियम हे नाव आलं. पृथ्वीवर तो वायू सापडायला १८९५ उजाडलं. रॅमझेनं तो युरेनियमच्या एका खनिजातून काढला.

आता खरी मारामारी सुरू झाली. हेलियम कशाशीच संयोग करत नाही. मग तो द्रव तरी होईल का? ऑल्शेव्हस्की आणि ड्यूअर, दोघांनी प्रयत्न केले आणि दोघंही हरले. एकाही हेलियम अणूला दुसऱ्याबद्दल ओढ नसेल, तर कितीही थंड करा, द्रव होणारच नाही. लायडनच्या कॅमर्लिंग ओनेसनं आधी वायूचा दाब आणि आकारमान किती अचूक बदलतं ते मोजलं. आदर्श वायूच्या नियमापासून हेलियम जरासा ढळत होता. म्हणजे ओढ होती, फक्त फारच थोडी. त्या थोड्यावरून त्यानं अंदाज काढला की शून्याच्या वर पाच-सहा केल्विनपर्यंत जावं लागेल.

१० जुलै १९०८. पहाटेपासून यंत्रं चालू. संध्याकाळी तापमापीचा आकडा उतरायचा थांबला, पण भांड्यात काहीच दिसेना. सगळ्यांना वाटलं, गेलं. तेव्हा बघायला आलेल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं, खालून उजेड टाकून बघा. टाकला, आणि द्रवाची कड सुरीच्या पात्यासारखी चमकली. तापमान होतं साधारण ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ सेल्सिअस. द्रव आधीच तयार झाला होता, तो फक्त दिसत नव्हता.

तो का दिसत नव्हता, हे लक्षात ठेवा. पाणी दिसतं कारण ते प्रकाश वाकवतं. द्रव हेलियमचा अपवर्तनांक जवळपास १.०२, म्हणजे हवेपेक्षा किंचितच जास्त. प्रकाश त्यातून न वळता जातो. ओनेसला ही फक्त अडचण वाटली असेल. बावीस वर्षांनी कळलं की उत्तर त्या अडचणीतच होतं.

मधल्या काळात दोन लोकांनी रेणूंच्या ओढीचं गणित मांडलं. कीसम म्हणाला, ज्या रेणूंना धन आणि ऋण टोकं असतात ते फिरता फिरता एकमेकांसमोर सोयीच्या बाजूनं जास्त वेळ राहतात. डिबाय म्हणाला, एका रेणूचं टोक दुसऱ्यात तात्पुरतं टोक निर्माण करतं. दोन्ही बरोबर आहेत, पाण्यासारख्या रेणूंना लागू पडतात. पण दोघांनाही सुरुवातीला कुठंतरी एक टोक लागतं. १९२६ च्या सुमारास नवं क्वांटम यांत्रिकी आलं आणि त्यानं सांगितलं की हेलियम, निऑन, आरगॉन यांच्या अणूंभोवतीचा इलेक्ट्रॉनचा ढग पूर्ण गोल असतो. टोक नाहीच. म्हणजे हिशोबानुसार ओढ शून्य यायला हवी होती, आणि लायडनमध्ये तर भांडंभर द्रव हेलियम होतं.

इथे फ्रिट्झ लंडन येतो. जन्म १९००, ब्रेस्लाउचा, तेव्हा बर्लिनमध्ये काम करत होता. १९३० मध्ये त्यानं रॉबर्ट आयझेनशिट्झबरोबर आणि मग एकट्यानं हा प्रश्न सोडवला. ढग सरासरीनं गोल असतो, हे खरं. पण इलेक्ट्रॉन कधीच स्तब्ध नसतात, अगदी शून्य केल्विनलासुद्धा नाहीत. क्षणभर ते एका बाजूला सरकलेले असतात, दुसऱ्या क्षणी दुसऱ्या. शेजारी दुसरा अणू असेल तर या दोन हालचाली एकमेकांशी जुळतात: इकडचे डावीकडे झुकले की तिकडचेही डावीकडे झुकण्याची शक्यता वाढते. त्यामुळे एकाची ऋण बाजू दुसऱ्याच्या धन बाजूसमोर येते. कोण आधी झुकलं, हा प्रश्नच नाही. दोघं मिळून एकच नाच करतात. असं जुळून हलल्यानं एकूण ऊर्जा जराशी कमी होते, आणि ती जराशी कमी झालेली ऊर्जा म्हणजेच ओढ.

आता तो अपवर्तनांक आठवा. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रानं इलेक्ट्रॉनचा ढग किती हलतो, यावर प्रकाश किती वाकतो ते ठरतं. आणि शेजारच्या अणूमुळे ढग किती हलतो, यावर ओढ ठरते. मोजमाप एकच! रंगानुसार प्रकाश वेगवेगळा वाकतो, त्याला इंग्रजीत डिस्पर्शन म्हणतात. लंडनच्या गणितात तेच आकडे वापरले जातात, म्हणून या बलाचं नाव डिस्पर्शन बल पडलं. हेलियमचा ढग इतका ताठ की तो प्रकाशालाही दाद देत नाही आणि शेजाऱ्यालाही. म्हणून ओनेसला तो दिसायला अवघड, आणि द्रव करायलाही अवघड.

लंडनचं साधं सूत्र एकदा चालवून बघू:

```
E = -(3/4) × I × α² / r⁶
```

यात α म्हणजे ढगाचा लवचिकपणा, I म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा, आणि r म्हणजे अंतर. अंतर दुप्पट केलं की ओढ चौसष्टपट कमी, म्हणून हे बल फक्त लगतच्या शेजाऱ्यांपुरतं. आरगॉनचे आकडे टाका: α १.६४ घन अँगस्ट्रॉम, I १५.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अंतर ३.८ अँगस्ट्रॉम. एका जोडीची ओढ मोलमागे साधारण १ किलोज्यूल येते. खोलीच्या तापमानाला उष्णतेची धडपड मोलमागे २.५ किलोज्यूल असते, त्यामुळे तिथे आरगॉन वायूच. उणे १८६ सेल्सिअसला ती ०.७ वर येते, आणि नेमका तिथेच आरगॉन द्रव होतो. घन आरगॉनमध्ये प्रत्येक अणूला बारा शेजारी, म्हणजे अणूमागे सहा जोड्या, म्हणून सहा किलोज्यूल. प्रत्यक्ष मोजमाप साडेसातच्या आसपास. मी दूरचे शेजारी धरले नाहीत, जवळ आल्यावरचं प्रतिकर्षणही सोडलं, आणि लंडनचं साधं सूत्र आरगॉनसाठी थोडं कमीच सांगतं. तरी कागदावरच्या एका ओळीसाठी हे वाईट नाही.

पुस्तकात लिहितात, इलेक्ट्रॉन जास्त तर ओढ जास्त. हे अर्धंच खरं आहे. आरगॉनमध्ये १८ इलेक्ट्रॉन, फ्लोरिनच्या रेणूतही १८. एक उणे १८६ ला उकळतो, दुसरा उणे १८८ ला. वा! पण क्रिप्टॉनमध्ये ३६ आणि क्लोरिनच्या रेणूत ३४ असून क्रिप्टॉन उणे १५३ ला उकळतो आणि क्लोरिन उणे ३४ ला. क्लोरिनचा ढग क्रिप्टॉनच्या जवळजवळ दुप्पट लवचिक आहे. खरा आकडा तो, इलेक्ट्रॉनची मोजदाद नव्हे.

आणि आयोडिन? १०६ इलेक्ट्रॉनचा, मोठा, मऊ ढग. म्हणून खोलीत जांभळट-काळे स्फटिक. पण इथे एक गाळलेली गोष्ट आहे. स्फटिकाच्या एकाच थरातले शेजारी आयोडिन अणू ३.५ अँगस्ट्रॉमवर असतात, नुसत्या लंडन बलानं ते चारच्या आसपास असायला हवेत. म्हणजे थराच्या आत थोडा इलेक्ट्रॉनचा देवाणघेवाणीचा बंधही आहे. थर-थर मात्र ४.२७ अँगस्ट्रॉमवर, तिथे लंडनचंच राज्य.

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे 'आयोडिन वितळत नाही, थेट वाफ होतो' हे वाक्य. परीक्षेत मीही लिहिलंय. बशीत हळूहळू तापवलं तर वितळण्याआधीच बरंचसं उडून जातं, म्हणून तसं वाटतं. बंद नळीत तापवलं तर ११४ सेल्सिअसला काळपट द्रव दिसतो आणि १८४ ला तो उकळतो. घरी करू नका, ती वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते.

हेलियम मात्र शेवटपर्यंत हट्टी राहिला. ओनेसच्या लायडनमध्येच कीसमनं १९२६ मध्ये तो गोठवला, तोही पंचवीस वातावरणांहून जास्त दाब देऊन. साध्या दाबाला तो शून्य केल्विनपर्यंत द्रवच राहतो, कारण अणू हलका आहे आणि ओढ इतकी क्षीण आहे की शून्यालाही न थांबणारी ती हालचाल स्फटिक बसूच देत नाही. पुढे १९३८ मध्ये त्याच द्रव हेलियमच्या विचित्र वागण्याचं स्पष्टीकरणही लंडननं दिलं, पण बर्लिनमधून नाही. १९३३ मध्ये नाझींच्या कायद्यानं ज्यू असल्यामुळे त्याची नोकरी गेली होती. तो ऑक्सफर्डला गेला, तिथून पॅरिसला, आणि १९३९ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात पोचला.

पुढच्या एपिसोडमध्ये त्या १९३८ च्या द्रवाबद्दल बोलू, जो भांड्याच्या भिंतीवर चढून बाहेर येतो.